विश्लेषण : प्रोसेसरचे ‘यशस्वी’ शून्य… संगणक यादृच्छिक आकडे आणतो कुठून आणि ते बिघडल्याचे कळते कसे?

एएमडी कंपनीच्या ‘झेन ५’ पिढीतील प्रोसेसरमध्ये यादृच्छिक आकडे देणारी एक सूचना ठरावीक परिस्थितीत आकड्याऐवजी शून्य देते आणि वर ‘काम यशस्वी झाले’ असेही कळवते, ही बाब ऑक्टोबर २०२५ मध्ये उघडकीस आली. कंपनीने तो दोष मान्य केला, त्याला CVE-2025-62626 हा क्रमांक मिळाला, त्याचे गांभीर्य ‘उच्च’ ठरवण्यात आले आणि दुरुस्त्या येऊ लागल्या. बातमी तिथेच संपली असे वाटू शकते. मात्र यातून एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. बँकेच्या संकेतस्थळापासून सर्व्हरच्या किल्लीपर्यंत ज्या आकड्यांच्या अनिश्चिततेवर सुरक्षितता उभी आहे, ते आकडे संगणकात येतात कुठून? आणि त्यांचा एखादा स्रोत चुकीचे देऊ लागला, तर ऑपरेटिंग सिस्टीम त्यातून कशी वाचते?

नेमके काय बिघडले होते?

आजच्या बहुतेक इंटेल आणि एएमडी प्रोसेसरमध्ये यादृच्छिक आकडे तयार करणारा छोटा विद्युत-मंडलाचा भाग असतो. त्याच्याकडून आकडा मागण्यासाठी दोन सूचना आहेत, आरडीरँड आणि आरडीसीड. आरडीरँड ही भरभर आकडे देणारी सूचना. तिच्यामागे एक गणिती यंत्रणा असते, जी एका मूळ बीजापासून पुष्कळ आकडे काढते. आरडीसीड ही त्याच्या एक पायरी आधीची सूचना. ती बीज म्हणून वापरण्याजोगा कच्चा माल देते. साहजिकच हा माल मर्यादित वेगाने तयार होतो. अनेक कोअर एकाच वेळी मागू लागले, तर साठा संपतो.

साठा संपला तर काय करायचे, याचा नियम ठरलेला आहे. प्रोसेसरमध्ये ‘कॅरी फ्लॅग’ नावाचा एक बिट असतो. आकडा मिळाला तर तो १ होतो. मिळाला नाही तर तो ० होतो आणि आकड्याच्या जागीही शून्य येते. प्रोग्रॅमने हा बिट पाहायचा, ० असेल तर थोडे थांबून पुन्हा मागायचे.

झेन ५ मध्ये गफलत झाली ती नेमकी इथे. आरडीसीडचे तीन प्रकार आहेत : १६ बिट, ३२ बिट आणि ६४ बिट. यांपैकी १६ आणि ३२ बिटांच्या प्रकारात कधी कधी आकड्याच्या जागी शून्य येत होते, पण कॅरी फ्लॅग मात्र १ असायचा. म्हणजे अपयशाचा निकाल यशाच्या शिक्क्यासह हातात पडत होता. एएमडीच्या म्हणण्यानुसार ६४ बिटांच्या प्रकारावर याचा परिणाम झालेला नाही.

हे लक्षात कसे आले?

मेटा कंपनीतील एका अभियंत्याने ही बाब लिनक्स कर्नेलच्या विकासकांपुढे मांडली. एक प्रोग्रॅम सतत आरडीसीडकडून आकडे मागत होता आणि कोणता आकडा किती वेळा आला याची नोंद ठेवत होता, त्याच वेळी दुसरा प्रोग्रॅम मेमरीवर मोठा ताण देत होता. नोंदीत शून्याची संख्या अवाजवी दिसली.

‘अवाजवी’ म्हणजे किती, हे सहज मोजता येते. शून्य हाही एक वैध आकडा आहे, तो कधीतरी यायलाच हवा. ३२ बिटांत एकूण ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे आकडे बसतात. स्रोत प्रामाणिक असेल तर शून्य येण्याची शक्यता तितक्या वेळांतून एकदा. दहा लाख आकडे मागितले, तरी त्यात एकही शून्य नसण्याचीच दाट शक्यता. असे दहा लाखांचे सुमारे ४,३०० संच काढले, तर त्या सगळ्यांत मिळून एखादे शून्य अपेक्षित आहे. तेव्हा एकाच संचात दोन-चार शून्ये दिसली, तरी संशय घ्यायला तेवढा पुरावा पुरतो.

ही तपासणी सोपी होती, कारण बिघाड ढोबळ होता. एकच आकडा पुन्हा पुन्हा येत होता. बिघाड नेहमी असा सरळ नसतो. समजा एखाद्या मंडलाने १, २, ३, ४ असे मोजत जाऊन प्रत्येक आकडा एका ठरावीक किल्लीने एन्क्रिप्ट करून बाहेर दिला. त्याच्या आकड्यांवर संख्याशास्त्राच्या कितीही चाचण्या केल्या तरी ते उत्तम यादृच्छिक वाटतील. ज्याला ती किल्ली ठाऊक आहे त्याला मात्र पुढचा प्रत्येक आकडा आधीच कळेल. थोडक्यात, बाहेर आलेले आकडे पाहून स्रोत वाईट आहे हे कधी कधी सिद्ध करता येते, तो चांगला आहे हे सिद्ध करता येत नाही. त्यासाठी आकडा कोणत्या भौतिक घटनेतून जन्माला आला, ते पाहावे लागते.

चिपमध्ये अनिश्चितता जन्मते कशी?

कोणत्याही तारेत वा ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात. तापमान निरपेक्ष शून्याच्या वर असेपर्यंत ही हालचाल थांबत नाही, आणि तिच्यामुळे विद्युतदाबात अतिशय सूक्ष्म चढउतार होत राहतात. यालाच थर्मल नॉइज म्हणतात. रेडिओच्या अभियंत्यांसाठी ती डोकेदुखी होती. आकडे बनवणाऱ्यांसाठी तीच कच्चा माल ठरली.

अडचण एवढीच, की हे चढउतार फार लहान असतात. त्यांना ० किंवा १ चे रूप देण्यासाठी दोन पद्धती प्रचलित आहेत. इंटेलच्या मंडलात दोन ‘इन्व्हर्टर’ एकमेकांसमोर जोडलेले असतात. एकाचे उत्तर १ असेल तर दुसऱ्याचे ०, किंवा उलट. या जोडीला मुद्दाम अगदी मधल्या, डळमळीत स्थितीत आणून सोडून देतात. टोकावर उभी केलेली पेन्सिल जशी कोणत्या तरी एका बाजूला पडणारच, तशी ही जोडीही ० किंवा १ कडे कलंडते. कोणत्या बाजूला, हे त्या क्षणीची थर्मल नॉइज ठरवते.

एएमडीने प्रसिद्ध केलेल्या वर्णनात दुसरी पद्धत आहे, ‘रिंग ऑसिलेटर’ची. विषम संख्येतील इन्व्हर्टर एका वर्तुळात जोडले की त्यांचे उत्तर कधीच स्थिरावत नाही, ते ० आणि १ यांच्यात फिरत राहते. प्रत्येक फेरीला लागणारा वेळ जवळपास सारखा असतो, पण नेमका सारखा नसतो. नॉइजमुळे तो किंचित पुढेमागे होतो. हा फरक साठत जातो आणि काही काळाने ऑसिलेटर फेरीच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगता येत नाही. अशा १६ साखळ्या वापरल्याचे आणि प्रत्येकीतील इन्व्हर्टरची संख्या वेगवेगळी मूळ संख्या असल्याचे कंपनीने सांगितले होते. संख्या वेगळ्या ठेवण्याचे कारण असे, की साखळ्या एकमेकींच्या तालात अडकू नयेत.

या कच्च्या बिटांमध्ये कल असतो. १०० बिटांत ५० ऐवजी ५५ वेळा १ येऊ शकतो, किंवा लागोपाठचे बिट एकमेकांशी थोडे जुळू शकतात. म्हणून चिपमध्येच पुढे दोन कामे होतात. एक म्हणजे आरोग्य तपासणी : बिट एकाच मूल्यावर अडकले आहेत का, एखादा नमुना सारखा येतो आहे का, हे पाहिले जाते. दुसरे म्हणजे आटवणे : पुष्कळ कच्चे बिट घेऊन ते एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीतून मिसळले जातात आणि त्यातून कमी, पण दाट अनिश्चिततेचे बिट काढले जातात. दूध आटवून खवा करावा, तसे.

झेन ५ चा दोष मात्र या तापलेल्या इलेक्ट्रॉनपर्यंत जाऊन भिडणारा दिसत नाही. ६४ बिटांचा प्रकार सुरक्षित आहे, यावरून स्रोत ठीक होता आणि तयार माल प्रोग्रॅमच्या हाती देताना निकाल चुकीचा कळवला जात होता, असे अनुमान निघते. भौतिकशास्त्र चोख असूनही शेवटच्या पायरीवर आकडा बिघडू शकतो, हा या घटनेतला लक्षात ठेवण्याजोगा भाग.

मग लिनक्स वापरणाऱ्या सर्व्हरच्या किल्ल्या कमकुवत झाल्या का?

थेट उत्तर द्यायचे तर, ऑपरेटिंग सिस्टीममार्फत आकडे घेणाऱ्या प्रोग्रॅमना याचा धक्का बसण्याची शक्यता कमी होती. ६४ बिटांचा लिनक्स कर्नेल स्वतः ६४ बिटांची आरडीसीड वापरतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कर्नेल कोणत्याच एका स्रोताचा आकडा जसाच्या तसा पुढे देत नाही.

कर्नेलमध्ये एक ‘एन्ट्रॉपी पूल’ असतो. एन्ट्रॉपी म्हणजे इथे अनिश्चिततेचे माप. एक निष्पक्ष नाणे उडवले तर एक बिट एन्ट्रॉपी मिळते. या पुलात आरडीसीडचे आकडे जातात, तसेच इतर घटनांच्या वेळाही जातात. डिस्कने काम संपल्याचे कळवले, नेटवर्कवरून संदेश आला, कुणी कळ दाबली, की प्रोसेसरला ‘इंटरप्ट’ मिळतो. त्या क्षणी प्रोसेसरचा चक्र-गणक किती दाखवत होता, हे कर्नेल टिपून ठेवतो. हा गणक सेकंदाला अब्जावधी वेळा पुढे सरकतो. कळ कोणत्या सेकंदाला दाबली हे कुणी पाहू शकेल. गणकाचे शेवटचे काही अंक मात्र त्याला सांगता येणार नाहीत.

हे सगळे एकत्र करण्यासाठी २०२२ पासून लिनक्स ‘ब्लेक२एस’ हे हॅश फंक्शन वापरतो. मिश्रणातून २५६ बिटांचे बीज निघते, ते ‘चाचा२०’ या सायफरला दिले जाते, आणि प्रोग्रॅमना मिळणारे आकडे त्या सायफरमधून येतात. चालू यंत्रात साधारण दर मिनिटाला बीज नव्याने काढले जाते.

मिसळण्याचा फायदा छोट्या उदाहरणातून पाहू. दोन माणसांनी प्रत्येकी एक नाणे उडवायचे आणि दोन्ही सारखी पडली तर उत्तर ०, वेगळी पडली तर १, असे ठरवले. आता एकाचे नाणे खोटे निघाले, ते नेहमी छापाच देते. तरीही उत्तर तितकेच अनिश्चित राहते, कारण दुसरे नाणे खरे आहे. खोट्या नाण्याने काही भर घातली नाही, पण काही काढूनही घेतले नाही. आरडीसीडने सलग शून्ये दिली, तरी पुलात आधीपासून असलेली अनिश्चितता पुसली जात नाही.

धोका होता तो कर्नेलला वगळून थेट आरडीसीडला हाक मारणाऱ्या प्रोग्रॅमना. समजा एका प्रोग्रॅमने १२८ बिटांची किल्ली ३२ बिटांचे चार तुकडे जोडून बनवली. एक तुकडा शून्य आला आणि कॅरी फ्लॅगने ‘ठीक’ म्हटले, तर किल्लीत ९६ बिटच खरे उरले. कोणता तुकडा शून्य आहे याचा अंदाज बांधणाऱ्यासाठी शोध ४२९ कोटींहून अधिक पटींनी आटोपशीर झाला. चारही तुकडे शून्य आले, तर किल्ली म्हणण्यासारखे काही उरतच नाही. आणि प्रोग्रॅमच्या नोंदवहीत कुठेही चूक दिसणार नाही.

याआधी असे घडले आहे का?

घडले आहे. जुलै २०१९ मध्ये एएमडीचे ‘रायझन ३०००’ प्रोसेसर बाजारात आले, तेव्हा त्यांतील आरडीरँड दरवेळी एकच आकडा देत होते : सर्व बिट १. तिथेही यशाचा शिक्का होताच. ‘सिस्टमडी’ हा लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम त्या काळी काही ओळखक्रमांकांसाठी थेट आरडीरँड वापरत असे. प्रत्येक क्रमांक सारखाच येऊ लागल्यावर नवी लिनक्स वितरणे या प्रोसेसरवर सुरूच होईनात. ‘डेस्टिनी २’ हा खेळही अडला. पुढे बायोसच्या सुधारित आवृत्तीतून दोष दूर झाला.

एका अर्थी तो बिघाड बरा होता. यंत्र अडले, म्हणून तो पहिल्याच दिवसांत सापडला. झेन ५ चा दोष अधूनमधून डोके वर काढणारा होता. यंत्र सुरळीत चालत राहिले. म्हणून तो सापडायला कुणीतरी आकडे मोजत बसावे लागले.

मिसळणे सुरक्षित असेल, तर अडचण कुठे येते?

अडचण मोजण्यात येते. पुलात काय घातले याने नुकसान होत नाही, पण त्यात किती अनिश्चितता जमली याचा हिशेब चुकला तर होते. संगणक सुरू होतो तेव्हा पूल रिकामा असतो. पुरेसे जमेपर्यंत किल्ल्या बनवू देणे धोक्याचे. म्हणून आताचा कर्नेल २५६ बिट जमल्याची खात्री होईपर्यंत `getrandom` या सूचनेने आकडा मागणाऱ्या प्रोग्रॅमला थांबवून ठेवतो. कोणत्या स्रोताला किती श्रेय द्यायचे, हे त्याने आधी ठरवलेले असते.

इंटरप्टबाबत तो कंजूष आहे. साधारण ६४ इंटरप्टमागे एका बिटाचे श्रेय, या हिशेबाने २५६ बिटांसाठी १६,३८४ इंटरप्ट लागतात. नेटवर्कवर गजबजलेल्या सर्व्हरला ते काही सेकंदांत मिळतील. कोपऱ्यात पडलेल्या राऊटरला बराच वेळ लागेल. आरडीसीडबाबत मात्र, प्रोसेसरवर विश्वास ठेवण्याची मुभा दिलेली असेल, तर सुरुवातीलाच पूर्ण श्रेय मिळते आणि पूल क्षणात भरल्याचे मानले जाते. स्रोत खोटा असेल तर धोका इथे असतो. मिश्रण बिघडत नाही, पण कर्नेल ‘पुरेसे जमले’ असे वेळेआधी समजून किल्ल्या बनवू देतो.

हिशेब चुकल्यावर काय होते, याचे उदाहरण २०१२ मध्ये जगासमोर आले. मिशिगन विद्यापीठ आणि सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी इंटरनेटवरील लाखो यंत्रांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या आणि त्यांची एकमेकींशी तुलना केली. आरएसए किल्लीत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर केलेला असतो, त्या दोन संख्या गुप्त असतात. गुणाकारावरून त्या शोधणे व्यवहारात अशक्य. पण दोन यंत्रांनी सुरुवातीच्या क्षणी सारख्याच रिकाम्या पुलातून आकडे घेतले, तर त्यांची एक मूळ संख्या तीच निघू शकते.

छोट्या आकड्यांत पाहा. एका राऊटरची जाहीर संख्या १४३, दुसऱ्याची १८७. शाळेत शिकलेला मसावि काढा : १८७ उणे १४३ म्हणजे ४४, १४३ ला ४४ ने भागल्यावर बाकी ११, ४४ ला ११ ने पूर्ण भाग जातो. मसावि ११. लगेच दोन्ही किल्ल्या उघड झाल्या : १४३ म्हणजे ११ गुणिले १३ आणि १८७ म्हणजे ११ गुणिले १७. खऱ्या किल्ल्यांत आकडे शेकडो अंकी असतात, तरी मसावि काढणे संगणकाला तितकेच सोपे. या मार्गाने संशोधकांना सुरक्षित वेब जोडणी देणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या खासगी किल्ल्या काढता आल्या. त्यांत मुख्यतः राऊटर, फायरवॉल अशी पडदा-कळफलक नसलेली उपकरणे होती. पहिल्यांदा सुरू होताच ती किल्ली बनवत, आणि त्या वेळी त्यांच्याकडे अनिश्चितता जवळपास नव्हती.

प्रोसेसरवर विश्वास नसेल आणि इंटरप्टही नसतील तर?

हा पेच सप्टेंबर २०१९ मध्ये अनपेक्षित रीतीने समोर आला. लिनक्सच्या ५.३ या आवृत्तीची तयारी सुरू होती. एक्स्ट४ या फाइल सिस्टीममधील एका सुधारणेमुळे संगणक सुरू होताना डिस्ककडे जाणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या. सुधारणा चांगली होती. पण फेऱ्या कमी म्हणजे इंटरप्ट कमी, इंटरप्ट कमी म्हणजे पुलात भर कमी. एका वापरकर्त्याचा लॅपटॉप लॉगिनच्या पडद्याआधीच थांबला. एक प्रोग्रॅम `getrandom` कडे आकडा मागून वाट पाहत होता. आणि तो वाट पाहत असल्याने यंत्रात काहीच घडत नव्हते, म्हणून नवे इंटरप्टही येत नव्हते.

लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी आधी ती सुधारणा तात्पुरती मागे घेतली. नंतर ५.४ आवृत्तीत वेगळा उपाय आणला. कुणी आकड्यासाठी अडले असेल, तर कर्नेलने स्वस्थ बसायचे नाही. चक्र-गणक वाचायचा, पुलात मिसळायचा, काम दुसऱ्याकडे सोपवून परत घ्यायचे, पुन्हा गणक वाचायचा, असे चक्र फिरवत ठेवायचे. सोबत एक टायमर लावायचा. तो प्रत्येक वेळी वाजला की एका बिटाचे श्रेय जमा करायचे. टायमर सेकंदाला २५० वेळा वाजत असेल, तर सुमारे सेकंदाभरात गरज भागते.

वरवर पाहता हे विचित्र आहे. ठरावीक सूचना पाळणारे यंत्र स्वतःचेच घड्याळ वाचून अनिश्चितता कशी मिळवणार? उत्तर आहे वेळेतील थरथरीत, म्हणजे ‘टायमिंग जिटर’मध्ये. एकच सूचना दरवेळी तितक्याच चक्रांत पूर्ण होत नाही. हवा असलेला मजकूर कॅशमध्ये आहे की मेमरीतून आणावा लागेल, मेमरी त्या क्षणी स्वतःला ताजी करण्यात गुंतली आहे का, टायमर आणि प्रोसेसर यांची घड्याळे किती सरकली आहेत, अशा अनेक गोष्टींवर तो वेळ अवलंबून असतो. त्यांतील बराच भाग गुंतागुंतीचा असला तरी तत्त्वतः ठरलेला असतो. खरी अनिश्चितता थोडी असते. ‘एका वाजण्याला एक बिट’ हा हिशेब त्या थोड्याचा अंदाज आहे, सिद्ध झालेले माप नाही. जलद, अनेक स्तरांचे कॅश असलेल्या प्रोसेसरवर तो सुरक्षित मानता येतो. साध्या, स्वस्त चिपवर चक्र-गणकच नसेल किंवा सगळे एकाच घड्याळाच्या तालावर चालत असेल, तर थरथर इतकी कमी असते की हा मार्ग तिथे टिकत नाही.

इतर ऑपरेटिंग सिस्टीम काय करतात?

तत्त्व सगळीकडे तेच आहे. विंडोज इंटरप्टच्या वेळा, प्रोसेसरच्या सूचना, टीपीएम ही सुरक्षा चिप आणि मागच्या वेळी जपून ठेवलेले बीज एकत्र करते. फ्रीबीएसडीने २०१३ मध्ये, स्नोडेन यांच्या गौप्यस्फोटांनंतर, प्रोसेसरमधील हार्डवेअरचे आकडे थेट पुढे देणे थांबवून ते आपल्या मिश्रणातून नेण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी भीती होती ती हेतुपुरस्सर पेरलेल्या दोषाची. झेन ५ च्या बाबतीत कुणाचाही वाईट हेतू समोर आलेला नाही, पण उपाय दोन्हींवर एकच लागू पडतो.

आपल्या यंत्राबाबत कसे तपासावे?

झेन ५ प्रोसेसर असलेल्या लिनक्स यंत्रावर पुढील दोन सूचना पुरेशा आहेत.

```
dmesg | grep -i rdseed
grep -c -w rdseed /proc/cpuinfo
```

दुरुस्त मायक्रोकोड नसेल तर नवा कर्नेल ही सूचनाच लपवून टाकतो आणि `RDSEED32 is broken` अशी नोंद करतो. मग दुसऱ्या ओळीचे उत्तर ० येते. ते ० आले म्हणजे यंत्र सुरक्षित बाजूला आहे, फक्त एक स्रोत कमी झाला आहे. दोष दूर करणारे मायक्रोकोड नोव्हेंबर २०२५ पासून मदरबोर्ड व सर्व्हर उत्पादकांच्या बायोसमधून येऊ लागले. कर्नेल जुना असेल आणि बायोस बदलणे शक्य नसेल, तर सुरू होतानाच्या आदेशात `clearcpuid=rdseed` लिहून हेच हाताने करता येते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एएमडीने दोन मार्ग सुचवले : ६४ बिटांचा प्रकार वापरा, किंवा शून्य आले की ते अपयश समजून पुन्हा मागा. दुसऱ्या मार्गात एक वैध आकडा कायमचा गमवावा लागतो. ३२ बिटांत ४२९ कोटींतला एक गेल्याने फरक पडत नाही. १६ बिटांत ६५,५३६ पैकी एक जातो, तो मोजता येण्याजोगा असला तरी किल्लीच्या दृष्टीने किरकोळ आहे. तिसरा मार्ग सर्वांत साधा आहे. प्रोसेसरला थेट न विचारता `getrandom` वापरावे आणि मिसळण्याचे व मोजण्याचे काम कर्नेलवर सोडावे. दोष कळण्यापूर्वी थेट आरडीसीडच्या ३२ बिटांतून बनवलेल्या किल्ल्या मात्र दुरुस्तीनंतर आपोआप सुधारत नाहीत. त्या कोणत्या प्रोग्रॅमने बनवल्या होत्या हे शोधून नव्याने बनवाव्या लागतील, आणि मायक्रोकोड बदलणाऱ्यांपैकी किती जण ही पुढची पायरी घेतात, यावर या दोषाचा खरा परिणाम अवलंबून राहील.